जुनी बिलं क्लिअर होईपर्यंत नवीन ऑर्डर थांबवायचीय, कस्टमरला नीट शब्दांत कसं कळवायचं?

लेबलवाली

आमचं छोटं लेबल प्रिंटिंगचं युनिट आहे. एक जुना कस्टमर आहे, काम नेहमीचं, माणसं चांगली, पण अलीकडे पेमेंट लांबत चाललंय. क्रेडिट बिलाच्या तारखेपासून ४५ दिवसांचं आहे. आत्ता तीन बिलं मुदतीच्या बाहेर आहेत, सगळ्यात जुनं मुदत संपून ६८ दिवस झालेलं, मधलं ३७ दिवस आणि तिसरं नुकतंच, ९ दिवस. रिमाइंडर गेले, फोन झाले, "या आठवड्यात बघतो" ऐकून झालं. आणि आता त्यांची नवीन ऑर्डर आलीय, नेहमीपेक्षा मोठी, वर अर्जंट लिहिलेली. जुनं क्लिअर झाल्याशिवाय नवीन सुरू करायची नाही हे माझं ठरलंय, त्यात सल्ला नकोय 🙂 प्रश्न एवढाच की सांगायचं कसं, कारण हा कस्टमर मला सोडायचा नाहीये. मी हे लिहिलंय:

"महोदय, आपणांस वारंवार कळवूनही आपण थकबाकी भरलेली नाही. त्यामुळे आपल्या पुढील सर्व ऑर्डर्स नाइलाजाने थांबविण्यात येत आहेत. थकबाकी त्वरित भरावी, अन्यथा पुरवठा होणार नाही याची नोंद घ्यावी."

वाचताना मलाच नोटीस आल्यासारखं वाटतंय. काय बदलू?

थेट_बोल

काही बदलू नका, उलट अर्धं कापा. "जुने पैसे आले की नवीन माल" एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर टाका आणि गप्प बसा. जितकं गोड लिहाल तितकं समोरच्याला वाटतं अजून थोडं ताणता येईल. मी असंच करतो आणि मला कोणी सोडून गेलेलं नाही.

सेल्समन_जुना

थेट_बोल, तुमचा माल दुसऱ्या कुणाकडे मिळत नसेल म्हणून नाही गेले 😄

ताई, मेल नंतर, आधी फोन. आणि फोन त्याला जो ऑर्डर देतो, अकाउंट्सला नाही. बऱ्याचदा परचेसच्या माणसाला माहीतच नसतं की त्यांच्या अकाउंट्सने आपलं बिल अडकवलंय, त्याला अचानक "ऑर्डर बंद" अशी मेल आली, त्यात त्याचा साहेब सीसीमध्ये, की तो आपल्यावरच चिडतो, आणि उद्या आपल्यासाठी आत भांडणारा तोच एक माणूस असतो. माझी जुनी युक्ती म्हणजे त्याला सांगायचं, "सर माझ्या हातात असतं तर आजच सुरू केलं असतं पण सिस्टिमने अकाउंट ब्लॉक केलंय, बिल क्लिअर झाल्याशिवाय ऑर्डर पंचच होत नाही." दोष सिस्टिमचा, संबंध सेफ.

बिलपास

मी बरोबर उलट्या बाजूला बसते, एका कंपनीत पुरवठादारांची बिलं पास करायचं काम. अशी मेल आमच्याकडे आली की तिचं काय होतं ते सांगते.

पहिली गोष्ट, आम्ही मेलमध्ये बिल नंबर शोधतो. तुमच्या मसुद्यात एकही नंबर नाही, तारीख नाही, रक्कम नाही. म्हणजे मला आता तुमचं खातं उघडून अंदाज करायचा की तुम्ही नक्की कशाबद्दल बोलताय, आणि तसं करायला लागणारी मेल उद्यावर जाते, मग परवावर. तीच मेल जर "हे बिल, ही रक्कम, या तारखेला द्यायची होती" अशी असेल तर मी दोन मिनिटांत बघू शकते की ते कुठल्या टप्प्यावर अडकलंय. खूपदा उत्तर काहीतरी फालतू निघतं, बिलावर आमचा पीओ नंबर नाही, किंवा गोडाऊनने माल मिळाल्याची एंट्रीच केली नाही. अशा वेळी बिल पेमेंटच्या रांगेत आलेलंच नसतं. पुरवठादार समजतो आम्ही पैसे दाबून बसलोय, आणि इकडे मला त्या बिलाचं अस्तित्वच माहीत नसतं.

दुसरं, "वारंवार कळवूनही" हे वाक्य काढा. ते वाचून माणूस पहिलं काम काय करतो तर आपल्याला खरंच कितीदा कळवलं ते मोजायला बसतो. विषय पैशावरून त्यावर जातो.

वहीखाते

बरीच वर्षं मी क्रेडिट कंट्रोल सांभाळलंय म्हणून थोडं लांबड लावतो.

मसुद्याच्या आधी ताई मला एवढं सांगा. त्यांच्याकडून एखादी रक्कम आलीय का जी कुठल्या बिलाची ते न सांगता आलीय आणि तुमच्या वहीत नुसती खात्यावर जमा पडून आहे? या तीनपैकी कुठल्या बिलाच्या मालाबद्दल काही तक्रार चालू आहे का, परत आलेला माल, शॉर्ट क्वांटिटी, काहीही? या नवीन ऑर्डरशिवाय आधी कन्फर्म केलेली एखादी ऑर्डर तुमच्याकडे चालू आहे का? आणि ऑर्डर आली की तुमच्याकडून आपोआप "ऑर्डर स्वीकारली, धन्यवाद" अशी मेल जाते का?

हे विचारतोय कारण ऑर्डर थांबवल्याचं पत्र गेलं आणि त्यातला आकडा चुकीचा निघाला, तर पुढचे पंधरा दिवस त्या आकड्यावरच चर्चा होते आणि पेमेंट बाजूला राहतं. नम्र भाषा मग काही कामाची नाही. रकमा खऱ्या सांगू नका, तिन्ही बिलं मिळून १०० धरा आणि त्या प्रमाणात सांगा.

फुटकळ_कामं

मी पण याच प्रॉब्लेममध्ये आहे!! क्लायंटचं डिझाइनचं काम पूर्ण करून दिलंय, फायनल फाइल्स दिल्या, तो दोन बिलं देत नाहीये. मी पण होल्ड टाकू का? त्याची वेबसाइट बंद करायचा पासवर्ड माझ्याकडे आहे.

वहीखाते

फुटकळ_कामं, थांबा थांबा. ताईंचा प्रश्न अजून न सुरू केलेल्या कामाचा आहे. ते न घेणं हे त्यांच्या हातात आहे. तुम्ही दिलेलं काम परत हिसकावायचं म्हणताय, ते वेगळं प्रकरण आहे आणि तो पासवर्ड वापरलात तर पैशाचा वाद बाजूला राहून तुमच्याविरुद्धच तक्रार होईल. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, येतो तिकडे.

लेबलवाली

@वहीखाते, अकाउंट बघणाऱ्या मुलीला बसवून सगळं काढलं.

तिन्ही मिळून १०० धरले तर जुनं बिल ४०, मधलं ३५ आणि ताजं २५. मध्यंतरी त्यांच्याकडून १५ आलेले आहेत, कुठल्या बिलाचे ते लिहिलेलं नाही, विचारलं तर उत्तर नाही, म्हणून ते खात्यावर तसेच आहेत. मधल्या बिलातल्या काही रोलचा गम नीट चिकटत नाही अशी तक्रार आहे, ते रोल परत आलेत, तेवढ्या मालाची किंमत साधारण ८ होते, तपासणी चालू आहे.

आधीची कन्फर्म ऑर्डर आहे एक, लहान, ती छापून तयार आहे, पुढच्या आठवड्यात जायची. नवीन ऑर्डर अजून हातात घेतलेली नाही, प्लेटसुद्धा बनवल्या नाहीत. आपोआप मेल जाते, पण त्यात "ऑर्डर मिळाली" एवढंच आहे, स्वीकारली असं नाही.

वहीखाते

छान, मग हिशोब असा बसतो. १५ आलेत ते त्यांनी कशासाठी हे सांगितलेलं नाही, तेव्हा सगळ्यात जुन्या बिलाला लावा आणि तसं त्यांना लेखी कळवा. म्हणजे जुन्याचे ४० नाहीत, २५ राहिले. मधल्या ३५ मधून तक्रारीतले ८ बाजूला काढा, राहिले २७. हे ८ तुम्ही सोडून देत नाही आहात, फक्त ऑर्डर सोडायच्या अटीत ते धरत नाही. धरलेत तर ते म्हणतील आधी आमच्या तक्रारीचं बोला, आणि तेही बरोबरच असेल.

आता ताजं बिल, २५ चं, ९ दिवस वर. माझं मत असं की हे अटीत घालू नका. जुनी दोन, म्हणजे २५ अधिक २७, ५२ आले की ऑर्डर सोडायची, आणि ताज्याची फक्त तारीख मागायची. कारण अट जेवढी लहान आणि स्पष्ट तेवढी ती पूर्ण व्हायची शक्यता जास्त. तुम्ही १०० मागून सुरुवात केली असती आणि मग ते १५ आणि ८ दाखवत तुम्हाला खाली आणत बसले असते. ५२ मध्ये हुज्जत घालायला जागाच नाही.

थेट_बोल

हे नाही पटलं. मुदत संपली म्हणजे संपली, ९ दिवस काय आणि ६८ काय. तुम्ही ताजं सोडलंत की कस्टमर शिकतो की महिनाभर उशीर चालतो. पुढच्या वेळी तेच बिल ६८ वर असेल.

बिलपास

थेट_बोल यांचं अगदीच चूक नाही. पण आमच्याकडे पेमेंट रन आठवड्यातून एकदाच असतो, अनेक ठिकाणी त्याहून कमी वेळा. ९ दिवसांचं बिल कदाचित पुढच्या रनमध्ये आधीच बसलेलं असेल. त्यावर ऑर्डर अडवलीत तर आत लोक म्हणतात हा पुरवठादार घाबरलाय वाटतं, याच्याकडे पैशाची अडचण दिसते. ६८ वर अडवलीत तर कोणी काही बोलत नाही, सगळ्यांना माहीत असतं की चूक आपली आहे.

वहीखाते

हेच. आणि थेट_बोल, ताजं मी सोडत नाहीये, पत्रात त्याची तारीख लेखी मागतोय. ती तारीख चुकली तर पुढच्या वेळी अट मोठी करता येईल.

आता तयार मालाबद्दल. ताई, तुमच्या धंद्यात एक गोम आहे. लेबलवर त्यांचं नाव छापलेलं, म्हणजे तो माल दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. साध्या मालाचं दुकान असेल तर गाडी दारात असतानासुद्धा थांबवता येते, माल परत रॅकवर. तुमच्याकडे थांबवायची जागा छपाईच्या आधी आहे, प्लेट बनवायच्याही आधी. छापल्यावर थांबवलंत तर बाकी तर अडकलेलीच, वर कागद, शाई आणि मजुरीही अडकली. म्हणून होल्ड नवीन ऑर्डरवर ठेवा. ती तयार पडलेली ऑर्डर तुम्ही कन्फर्म केलीय, तिची तारीख दिलीय, ती मी पाठवून दिली असती.

सेल्समन_जुना

मी नसती पाठवली. तयार माल हाच तर हातातला एक्का आहे. त्यांना तो माल पुढच्या आठवड्यात लागणार आहे, नवीन ऑर्डर कधीतरी नंतर. ताण जिथे आहे तिथेच धरायचं ना.

वहीखाते

ताण आहे हे खरं, पण कन्फर्म केलेली ऑर्डर अडवायचा हक्क तुमच्या अटींमध्ये लिहिलेला हवा, "मुदतीबाहेरची बाकी असेल तर पुढील डिलिव्हरी थांबवता येईल" असं काहीतरी ऑर्डर स्वीकारतानाच्या कागदावर. तो नसेल तर त्यांची लाइन बंद पडली म्हणून ते उलट तुमच्याकडे नुकसान मागू शकतात, आणि मग तुमच्या ५२ समोर त्यांचा एक आकडा उभा राहतो. ताईंच्या कागदावर काय लिहिलंय ते त्यांनी बघावं.

आणि सेल्समन भाऊ, ती सिस्टिमची युक्ती मला कधी आवडली नाही. परचेसवाले पण रोज सिस्टिम वापरतात, त्यांना माहीत असतं की ब्लॉक कुणीतरी माणूसच काढतो. ते लगेच म्हणतात "मग साहेबांना सांगून काढून घ्या ना", आणि आता तुम्ही नकार दिलात तर तुम्ही खोटे पडता. त्यापेक्षा "आम्ही ठरवलंय" हे म्हणणं जास्त सभ्य आहे. कारण सांगा, निर्णय आपला म्हणून सांगा, आणि तो कशाने बदलेल ते सांगा.

सेल्समन_जुना

मान्य, "साहेबांना सांगा" हे ऐकलंय खरं बऱ्याचदा 😅 पण फोन आधी हे मी सोडणार नाही.

वहीखाते

फोन आधीच. त्यात दुमत नाही. फोनवर काय बोलायचं तेही ठरवून घ्या, म्हणजे बोलता बोलता "बरं करतो सुरू" निघणार नाही तोंडातून. साधारण असं:

"सर, नवीन ऑर्डर मिळाली, थँक्यू. सुरू करायच्या आधी एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची होती, जुनी दोन बिलं अजून जमा झालेली नाहीत, त्यातलं एक दोन महिन्यांच्या वर गेलंय. ती जमा झाली की मी काम लावते. तुम्हाला ऑर्डर वेळेत हवीय ते मला माहीत आहे, म्हणून आजच सांगतेय. डिटेल मेल तुम्हाला आणि अकाउंट्सला पाठवते, आत कुठे अडकलंय ते बघायला तुमची मदत होईल."

बास. यात माफी नाही मागायची. "सॉरी सर, तुम्हाला त्रास देतेय" म्हटलं की आपणच काहीतरी गैर करतोय असा सूर लागतो.

आणि आता मेल:

विषय: नवीन ऑर्डर आणि मुदत उलटलेली दोन बिलं

नमस्कार,

आपली नवीन ऑर्डर मिळाली, आभारी आहोत. ती आमच्याकडे नोंदवून ठेवली आहे, मात्र अजून स्वीकारलेली नाही. त्याचं कारण असं की पुढील दोन बिलांची मुदत उलटून गेली आहे.

बिल क्रमांक अमुक, देय तारीख अमुक, बाकी रक्कम अमुक. आपल्याकडून खात्यावर जमा झालेली रक्कम या बिलातून वजा केली आहे. ती दुसऱ्या बिलासाठी होती असं असेल तर कळवावं.

बिल क्रमांक तमुक, देय तारीख तमुक, बाकी रक्कम तमुक. गमच्या तक्रारीतील रोलची रक्कम यात धरलेली नाही, त्याबद्दल तपासणीनंतर स्वतंत्रपणे कळवू.

ही दोन्ही बिलं जमा झाल्यावर आम्ही नवीन ऑर्डर स्वीकारू. तोपर्यंत छपाई सुरू होणार नाही. रक्कम अमुक तारखेपर्यंत आमच्या बँक खात्यात जमा झाली तर आपण मागितलेली डिलिव्हरीची तारीख सांभाळता येईल. त्यानंतर जमा झाल्यास नवीन तारीख कळवू.

तिसऱ्या बिलाची मुदत नुकतीच संपली आहे, त्याचं पेमेंट कोणत्या तारखेला होईल तेवढं कळवावं.

बिलात किंवा कागदपत्रांत काही कमी असल्यामुळे पेमेंट थांबलं असेल तर कृपया सांगा, त्याच दिवशी दुरुस्त करून पाठवू. ही मेल मिळेपर्यंत पेमेंट झालं असेल तर तारीख आणि ट्रान्झॅक्शन नंबर पाठवावा.

खाली तुमचं नाव आणि थेट फोन नंबर. सोबत खातेउतारा आणि दोन्ही बिलांच्या कॉपी जोडा, "आम्हाला बिलच मिळालं नाही" याला जागा राहत नाही.

बिलपास

हे वाचून मी खरंच त्याच दिवशी बघेन. मला यात सगळ्यात उपयोगी वाटलं ते डिलिव्हरीच्या तारखेचं वाक्य. "त्वरित भरावी" लिहिलं की तो आमच्या दृष्टीने रोजचाच आरडाओरडा असतो, पण "अमुक तारखेपर्यंत आली तर तुमचा माल वेळेत" म्हटलं की परचेसवाला स्वतः उठून माझ्या टेबलाशी येतो.

वहीखाते

हो, आणि म्हणून ती तारीख मनाने टाकायची नाही. त्यांना माल कधी हवाय तिथून मागे मोजायचं. ताई, तुम्हाला प्लेटपासून डिस्पॅचपर्यंत किती दिवस लागतात? समजा १२ लागतात आणि त्यांना माल २० दिवसांनी हवाय, तर तुमच्याकडे ८ दिवस आहेत, त्यातला एक बँकेत जमा व्हायला धरा, म्हणजे सातव्या दिवसाची तारीख लिहा. त्यात त्यांचा पेमेंट रन बसतो का तेही फोनवर विचारून घ्या. आणि त्या दिवशी पैसे आले नाहीत तर खरोखर नवीन तारीख द्या, मागची धरून रात्रपाळी करून माल देऊ नका. एकदा तसं केलंत की पुढच्या पत्रातली तारीख कोणी खरी धरत नाही.

लेबलवाली

हे खूपच मस्त झालंय, थँक्यू. एक शंका, "ऑर्डर नोंदवून ठेवली आहे मात्र स्वीकारलेली नाही" हे जरा कोरडं नाही वाटत? मी "लवकरच काम सुरू करू" असं काहीतरी घालणार होते.

वहीखाते

ते घालू नका. "लवकरच" वाचून परचेसवाला आपल्या वरिष्ठांना सांगेल की ऑर्डर दिलीय, काम चालू होतंय. मग दहा दिवसांनी माल नाही म्हणून बोंब. कोरडं वाटलं तर वरचं आभार मानलेलं वाक्य आहे की. सभ्यपणा म्हणजे त्याला पुढचं प्लॅनिंग करता येईल इतकं नीट कळणं.

थेट_बोल

बघा, म्हणजे मी म्हणतोय तेच, फक्त वीस ओळीत 😏

लेबलवाली

अपडेट देते. फोन केला, परचेसच्या सरांना खरंच माहीत नव्हतं, ते जरा वरमले. मग मेल पाठवली, जवळजवळ वहीखाते यांनी दिली तशीच.

दोन दिवसांनी त्यांच्या अकाउंट्सचं उत्तर आलं की मधलं बिल त्यांच्याकडे पास झालेलंच नाही, कारण परत आलेल्या रोलची क्रेडिट नोट आल्याशिवाय ते पूर्ण बिल लॉक करून ठेवतात. जुन्या बिलाचं पेमेंट पुढच्या रनमध्ये टाकतो म्हणाले. आणि सोबत परचेसच्या सरांचा निरोप, "नवीन ऑर्डरचे अर्धे पैसे आम्ही अ‍ॅडव्हान्स देतो, तुम्ही काम सुरू करा, जुनं होत राहील." आता काय? अ‍ॅडव्हान्स घेतला तर माझी अट मोडली का?

थेट_बोल

घ्या अ‍ॅडव्हान्स, आणि जमा झाला की जुन्या बिलाला लावून टाका. मग सांगा की नवीनचे द्या आता.

वहीखाते

हे करू नका. पैसे देणाऱ्याने कशासाठी ते सांगून दिले असतील तर ते तिथेच लावायचे. आधीचे १५ आपण जुन्याला लावले कारण त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं. इथे ते स्पष्ट म्हणतायत नवीन ऑर्डरसाठी. ते फिरवलेत तर आतापर्यंत जे सभ्यपणे चाललंय ते एका एंट्रीत संपेल.

अ‍ॅडव्हान्समध्ये अडचण अशी की त्यांची नवीन ऑर्डर सुरू होते, गरज भागते आणि जुनं मात्र जिथल्या तिथे. उरलेले अर्धे पण पुन्हा ४५ दिवसांच्या क्रेडिटवर जाणार, म्हणजे एकूण येणं वाढलंच. मी असं उत्तर देईन:

"अ‍ॅडव्हान्सची तयारी दाखवलीत त्याबद्दल आभार. तीच रक्कम आपण जुन्या बिलाकडे वळवलीत तर ते लगेच पूर्ण होईल आणि अ‍ॅडव्हान्सची गरजच उरणार नाही. मधल्या बिलासाठी परत आलेल्या रोलची क्रेडिट नोट पाठवत आहोत, म्हणजे उरलेली रक्कम आपल्याला पास करता येईल."

आणि क्रेडिट नोट आजच काढा. तपासणीत रोल खराब निघाले असतील तर थांबायचं कारण नाही. त्या ८ साठी २७ अडकून बसलेत.

सेल्समन_जुना

मी मध्ये एक सुचवू? जुनं बिल जमा झालं की प्लेट बनवायला घ्या, छपाई मधलं आल्यावर. प्लेटचा खर्च छोटा, पण कस्टमरला हालचाल दिसते. आणि त्यांना लिहूनच कळवायचं की आत्ता फक्त प्लेट.

वहीखाते

चालेल, "फक्त प्लेट" हे लेखी असेल तर. मी स्वतः नसतं केलं, अट मधेच तुकड्यांत सोडली की पुढच्या वेळी तुकड्यांचीच बोलणी होतात. पण क्रेडिट नोटमुळे मधलं बिल त्यांच्या बाजूने खरंच अडकलेलं होतं, तेव्हा इथे थोडं सैल सोडण्यात न्याय आहे.

लेबलवाली

रोल तपासले, गम खरंच कमी लागलाय, क्रेडिट नोट पाठवली. अ‍ॅडव्हान्सबद्दल वरचं उत्तर जसंच्या तसं पाठवलं. आज जुन्या बिलाचे २५ जमा झाले. त्यांनी आधी पेमेंटचा स्क्रीनशॉट पाठवला होता, तेव्हा मी सांगितलं की बँकेत दिसलं की कळवते, ते दुपारी दिसलं. मधलं पुढच्या रनमध्ये आहे असं अकाउंट्सने लिहून दिलंय. प्लेट लावल्या, सेल्समन दादांचं ऐकून. ताज्या बिलाच्या तारखेला अजून उत्तर नाही.

तयार माल पण पाठवून दिला. आमच्या कागदावर डिलिव्हरी थांबवायची अट नाहीच निघाली.

सेल्समन_जुना

एक्का टाकून दिलात 😀 असो.

बिलपास

मधलं जमा झालं की ऑर्डर स्वीकारल्याची मेल न विसरता पाठवा, आणि अकाउंट्सच्या माणसाला पण ठेवा त्यात. आम्हाला फक्त अडवल्याच्या मेल येतात, सुटल्याची कोणी पाठवत नाही, त्यामुळे परचेसवाला आठवडाभर माझ्याकडे येऊन विचारत राहतो झालं का, झालं का. दोन ओळी पुरतात, "अमुक तारखेला रक्कम जमा झाली, ऑर्डर स्वीकारली आहे, डिलिव्हरी अमुक तारखेला." आणि तिसऱ्या ओळीत ताज्या बिलाची तारीख परत विचारून घ्या.

वहीखाते

आणि नवीन ऑर्डर स्वीकारतानाच्या कागदावर ती थांबवायची अट आताच टाकून घ्या, सगळ्याच कस्टमरसाठी. भांडण नसताना ती कोणी वाचतही नाही.

फुटकळ_कामं

धागा काढलाय मी, कोणी आलंच नाही अजून 😕